मुलांना घेऊन दक्षिण गोवा: झेंडे, ओढ आणि पाण्यात नक्की कुठे उतरायचं?

रेवती_पुणे

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघं दक्षिण गोव्याला चाललोय. बाणावली-वार्का पट्ट्यात राहणार आहोत. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहाचा. दोघांनाही समुद्राचं भयंकर वेड.

धागा काढायचं कारण असं की, गेल्या मे महिन्यात रायगडात एका किनाऱ्यावर आम्ही गुडघाभर पाण्यात उभे होतो. मुलीचा हात माझ्या हातात होता. लाट परत जाताना तिच्या पायाखालची वाळूच निघून गेली, ती बसकण मारल्यासारखी खाली बसली आणि पाच-सहा पावलं मला घेऊनच पुढे सरकली. एवढंच झालं, पुढची लाट आम्हाला परत ढकलून गेली. पण मागे जाळी सुकवत बसलेल्या एका मावशी ओरडल्या, "पोरीला वर घ्या, इथं ओढ हाय!" तो आवाज अजून कानात आहे. मला ओढ दिसली नव्हती. उलट बाजूला लाटा जास्त होत्या आणि इथे पाणी शांत होतं म्हणून तर आम्ही तिथे उभे होतो.

गोव्यात जीवरक्षक असतात, झेंडे असतात हे माहीत आहे. पण नवरा म्हणतो लाल-पिवळा झेंडा म्हणजे 'धोका आहे, जपून', आणि मला वाटतं तसं नसावं. कोणी नीट सांगेल का? शांत पाणी बघून जागा निवडणं चूक आहे का?

चकली

बाणावलीला राहणार असाल तर मडगावला जाऊन फिश थाळी नक्की खा, किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये दुप्पट पैसे घेतात. मुलांसाठी कमी तिखट करून देतात सांगितलं तर. बाकी मजा करा!

नाना_वाडकर

रेवतीताई, तुमच्या यजमानांचं बरोबर आहे. लाल म्हणजे धोका आणि पिवळा म्हणजे सावधान, सिग्नलचाच नियम. दोन्ही रंग एकत्र दिसले की तिथून लांब राहायचं.

दुसरं म्हणजे ओहोटीला पाण्यात उतरायचंच नाही. ओहोटी माणसाला आत ओढून नेते, भरती बाहेर आणून टाकते. भरतीची वेळ काढायला ॲप वगैरे लागत नाही. आमचे आजोबा तिथीची पाऊणपट करायचे. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती, सकाळी आणि संध्याकाळीही. पंधरवडा शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघा आणि निर्धास्त जा.

सिडनीवाली

नाना, माफ करा, पण झेंड्याचं अगदी उलट आहे आणि हे उलट समजणं जिवावर बेतू शकतं, म्हणून लगेच लिहितेय.

वर लाल आणि खाली पिवळा असा आडवा दुरंगी झेंडा म्हणजे 'इथे जीवरक्षकाचं लक्ष आहे'. असे दोन झेंडे वाळूत काही अंतरावर रोवलेले असतात आणि पोहायचं ते त्या दोघांच्या मधे. नुसता लाल झेंडा म्हणजे पाण्यात उतरायचं नाही. इथे ऑस्ट्रेलियात शाळेतल्या पोरांना पाढ्यांसारखं हे पाठ असतं.

आता घरचाच किस्सा. सासू-सासरे पहिल्यांदा आले तेव्हा बॉन्डायला घेऊन गेलो. सासरे झेंड्यांच्या मधली गर्दी बघून म्हणाले, "इथे काय कुंभमेळा आहे, मी आपला तिकडे मोकळ्या जागी जातो." मोकळी जागा म्हणजे बीचचं दक्षिण टोक. तिथे जी ओढ असते तिला इथे 'बॅकपॅकर्स रिप' असंच नाव पडलंय, कारण बसमधून उतरलेले परदेशी पाहुणे मोकळं, शांत पाणी बघून नेमके तिथेच उतरतात. लाइफगार्डने शिट्टी मारून त्यांना वर काढलं, आणि सासरे दोन दिवस रागावलेले, "पाणी मांडीलासुद्धा नव्हतं" म्हणून.

रेवती, तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे बहुतेक. पण ते का होतं हे सांगणारं कोणीतरी जाणकार येऊ दे.

खाडीकाठ

मी वेंगुर्ल्याचा. गोव्यात चार हंगाम जीवरक्षक म्हणून काढले, आता मुलांना पोहायला शिकवतो. सिडनीवाली यांचं झेंड्यांबद्दलचं बरोबर आहे, गोव्यातही तेच. गोवा सरकारने २००८ पासून किनाऱ्यांवर जीवरक्षकांचं काम दृष्टी मरीनकडे दिलंय. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधला पट्टा पोहण्यासाठी, आणि जिथे ओढ आहे तिथे लाल झेंडा. पावसाळ्यात, म्हणजे जून ते सप्टेंबर, जवळपास सगळीकडे लालच. त्या दिवसांत पाण्यात उतरायचा प्रश्नच येत नाही.

आता ती शांत जागा. हे जरा सावकाश सांगतो, कारण सगळी मेख तिथेच आहे.

लाटा येतात आणि काठापासून थोड्या आत वाळूचा जो बुडालेला बांध असतो त्यावर फुटतात. फुटलेलं पाणी बांध ओलांडून काठाकडे येतं आणि तिथे साचतं. ते परत जायला वाट शोधतं. बांध सगळीकडे सारखा नसतो, कुठेतरी त्याला खिंड असते आणि तिथे पाणी खोल असतं. सगळं साचलेलं पाणी दोन्ही बाजूंनी त्या खिंडीकडे धावतं आणि तिथून आत निघून जातं. यालाच रिप करंट म्हणतात. गणपतीपुळ्याकडे वाळूतल्या अशा खड्ड्यांना, चरांना चाळ म्हणतात. आमच्याकडे नुसतं 'ओढ'.

खिंडीत पाणी खोल, म्हणून तिथे लाट फुटत नाही. लाट फुटत नाही म्हणून फेस नाही. दोन्हीकडे पांढरं आणि मधे दहा-वीस मीटरचा गडद, गुळगुळीत पट्टा. काठावरून बघणाऱ्याला वाटतं, वा, ही जागा मुलांसाठी बरी. रेवतीताई, तुम्हाला बाजूला लाटा जास्त आणि इथे शांत दिसलं ना, मग तुम्ही बहुधा वाटेच्या तोंडाशीच उभ्या होतात. त्या मावशींना ते दिसलं, कारण त्या रोज तेच बघतात.

पट्टा ओळखायचा तर आल्या आल्या कपडे बदलू नका. वाळूच्या उंच भागावर उभं राहून दहा मिनिटं नुसतं बघा. लाटा एकाच जागी फुटायच्या टाळतायत का? पाण्यावरचा फेस, पानं, कचरा लाटांच्या उलट, आत चाललाय का? पाणी वाळू ढवळून मातकट होऊन आतल्या बाजूला जीभ काढल्यासारखं दिसतंय का? काठाची रेघ तिथे आत वळून छोटी वाटी झाली आहे का? पोलरॉइड चष्मा असेल तर पाण्याचा रंग जास्त स्पष्ट कळतो. तरीही सांगतो, चार हंगामांनंतर मलासुद्धा काही दिवस ओळखता यायचं नाही, विशेषतः वारा सुटून सगळं पाणी खवळलेलं असलं की. म्हणून झेंडे.

आणि वाळू सरकते, बांध सरकतो, खिंड सरकते. त्यामुळे झेंडेही सरकतात. काल जिथे पोहलात तिथे आज झेंडे नसतील तर त्याला कारण आहे.

नाना_वाडकर

झेंड्याबद्दल कान पकडले. वय झालं, पण शिकायला हरकत नाही. मात्र ओहोटीचं माझं चूक नाही. कोकणातला कोणीही सांगेल.

खाडीकाठ

नाना, अर्धं बरोबर आहे आणि ते अर्धं महत्त्वाचं आहे.

उघड्या किनाऱ्यावर ओहोटी म्हणजे सहा तासांत पाणी हळूहळू उतरणं. गोव्यात ते दीड-दोन मीटर उतरतं, मुंबईला उधाणात चार मीटरच्या वर. ते उतरणं स्वतः माणसाला आत नेण्याएवढं वेगवान नसतं. ओढ लाटांमुळे तयार होते. पण पाणी उतरलं की बांधावर पाणी कमी राहतं, लाटा जोरात फुटतात आणि परतीचं सगळं पाणी त्या खिंडीतच कोंबलं जातं. म्हणून ओहोटीच्या शेवटाकडे ओढ वाढते. तुमच्या आजोबांनी परिणाम बरोबर पाहिला होता.

जिथे तुमचं शंभर टक्के खरं आहे ती जागा म्हणजे खाडीचं किंवा नदीचं मुख. तिथे अख्ख्या खाडीचं पाणी ओहोटीला एका अरुंद तोंडातून बाहेर पडतं. बाणावली-वार्क्यावरून दक्षिणेला चालत गेलात की केळशी, मग मोबोर, आणि मोबोरच्या टोकाला साळ नदी समुद्राला मिळते, पलीकडे बेतुल. जागा फार सुंदर आहे, फोटोसाठी लोक जातात. मुलांचे पाय तिथे घोट्यापर्यंतसुद्धा भिजवू नका. पाळोळ्यालाही तसंच. तो अर्धगोल आहे म्हणून पाणी एरवी मवाळ असतं, पण उत्तरेला बेटाकडे जी खाडी उतरते तो भाग वेगळा.

आणि भरतीला 'निर्धास्त' हा शब्द मात्र मागे घ्या. भरतीला पाणी काठाच्या उताराला भिडतं, लाट थेट कोरड्या वाळूजवळ आपटते. सहा वर्षांच्या मुलाला ती उचलून आपटू शकते.

पाऊणपटीचा हिशोब मात्र झकास. मुंबई-रायगडला तासभर इकडे-तिकडे बरोबर येतो, गोव्यात भरती मुंबईच्या जरा आधी. समजा षष्ठी आहे. सहाची पाऊणपट साडेचार. म्हणजे पहाटे साडेचारला भरती, सव्वासहा तासांनी, पावणेअकराच्या आसपास पूर्ण ओहोटी. नाश्ता करून साडेनऊला मुलांना घेऊन पोहोचलात की तुम्ही नेमके ओढ वाढायच्या वेळेत. त्या दिवशी सकाळी किल्ले बांधा, पाण्यात दुपारी तीननंतर उतरा. अचूक वेळ लागली तर भरती-ओहोटीचं कोष्टक बघावं.

अजातशत्रू

इतकं घाबरवून सोडलंत तर लोक समुद्रावर जाणारच नाहीत. माझी दोन्ही मुलं चार वर्षांची असल्यापासून क्लासला जातात, मोठा तर आरामात वीस लॅप मारतो. गोव्याचे ते शिट्टीवाले जरा पोटऱ्या भिजल्या की शिट्टी मारतात. पोहता येणाऱ्याला वेगळे नियम हवेत.

खाडीकाठ

वीस लॅप कौतुकाचेच. पण हिशोब करू. २५ मीटरचा तलाव ३० सेकंदांत पार करणारा मुलगा चांगलाच म्हणायचा. म्हणजे सेकंदाला एक मीटरही नाही, आणि तेही सपाट पाण्यात, भिंतीला लाथ मारून. साधी ओढ सेकंदाला अर्धा मीटर असते, जोराची दोन मीटरच्या वर जाते. तिच्याविरुद्ध मोठी माणसंही जिंकत नाहीत. आणि मी ज्यांना बाहेर काढलं त्यातले बरेचसे 'आपल्याला येतं' म्हणणारेच होते. न येणारा मुळात गुडघ्यापुढे जात नाही.

पल्लवी_दादर

माझ्या भाच्याचं सांगते. तो ओढीत सापडला होता, दोन वर्षांपूर्वी. त्याला शाळेत शिकवलेलं की किनाऱ्याला समांतर पोहायचं. तो पोहला, दमला, आणि शेवटी एका होडीवाल्याने काढला. आता तो म्हणतो समांतर वगैरे सगळं खोटं. मग खरं काय?

सिडनीवाली

पल्लवी, इथेही यावर भरपूर वाद आहे. आधी सगळे समांतर पोहा असंच सांगायचे. मग पाण्यात जीपीएस लावलेले तरंगते सोडून मोजणी झाली, तर काही किनाऱ्यांवर दिसलं की ओढ सरळ आत जाऊन संपतेच असं नाही, बऱ्याचदा गोल फिरून बांधावर परत येते. म्हणून काहीजण म्हणू लागले, नुसतं तरंगत राहा, तीच आणून सोडेल. पण प्रत्येक वेळी आणत नाही. आणि समांतर पोहताना तुम्ही त्या गोल प्रवाहाच्या उलट दिशेला निघालात तर भाच्यासारखं होतं. इथे आता सांगतात ते एवढंच: घाबरू नका, तरंगत राहा, हात वर करा, मग काय करायचं ते ठरवा.

खाडीकाठ

मी मुलांना तरंगणं आधी शिकवतो, दिशा नंतर. ओढ खाली खेचत नाही, ती आत नेते. खाली जातो तो दमल्यामुळे. पाठीवर पडून एक हात वर धरला की टॉवरवरून दिसतो. ताकद शिल्लक असेल तर जिकडे लाटा फुटताना दिसतात तिकडे तिरकं जायचं, कारण तिथे बांध आहे, पाणी उथळ आहे आणि लाट काठाकडे ढकलते. एका बाजूला जमत नाही वाटलं तर दुसरी बाजू धरायची. पण माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचं मत आजही वेगळं आहे, तो म्हणतो लक्ष ठेवणारं कोणी नसेल तर तरंगत बसणं म्हणजे वेळ घालवणं. त्याचंही मला पूर्ण चूक म्हणवत नाही.

यात एक मात्र धरून चाला. सहा वर्षांच्या मुलाला यातलं काहीही जमणार नाही. त्याच्यासाठी ओढीत काय करायचं हा प्रश्नच नाही, तुमचा हात त्याच्यापर्यंत पोहोचतो का हा प्रश्न आहे.

रेवती_पुणे

बापरे, किती माहिती. खाडीकाठ, मनापासून आभार. नवऱ्याला झेंड्याचा भाग वाचून दाखवला, गप्प बसला आहे. एक विचारते. आम्ही मुलाला फुगवायची ट्यूब घेतलीय, बदकाची. आणि दंडाला लावायचे फुगे. ट्यूब असली की थोडं लांबून लक्ष ठेवलं तर चालेल ना? नाहीतर एक जण कायम पाण्यात अडकतो.

खाडीकाठ

ताई, बदक पुण्यातच ठेवून या. याची गोष्ट सांगतो.

डिसेंबरातलीच सकाळ, साडेआठ. दक्षिण गोव्यातला लांबलचक किनारा. एक कुटुंब आलं, आठ वर्षांचा मुलगा, कमरेला ट्यूब. आमचे झेंडे त्यांच्या हॉटेलच्या वाटेपासून दोनशे पावलांवर. एवढं चालायचा कंटाळा केला, आणि समोर पाणी अगदी काचेसारखं. ते का तसं होतं? थंडीत गोव्याला सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. तो काठाजवळच्या लाटा चेपून टाकतो, म्हणून पाणी गुळगुळीत दिसतं. अकराच्या पुढे वारा फिरतो.

वडील कमरेभर पाण्यात, फोन वर धरून व्हिडिओ काढतायत. मुलगा हाताच्या अंतरावर. मग चार हात. मग दहा. ट्यूब म्हणजे शीडच की, वारा भरला की चालली. वडील दोन-तीन मिनिटं हसत होते, "ये ये इकडे ये" म्हणत होते. मुलगा हात मारत होता, पण ट्यूब असलेल्या माणसाला नीट पोहता येत नाही, नुसतं फिरता येतं. वडिलांच्या हातातला फोन पडला तेव्हा मी टॉवरवरून उतरलेलो होतो. बोर्ड घेऊन पोहोचेपर्यंत मुलगा काठापासून शंभर मीटरच्या आसपास होता आणि त्याने ट्यूबमधून खाली सरकायचा प्रयत्न सुरू केला होता, बाबांकडे पोहत जायला. तो सुटला असता तर गोष्ट वेगळी झाली असती. त्याला घेतला. नंतर वडिलांना घ्यायला दुसरा सहकारी गेला, कारण ते मागून निघाले होते आणि अर्ध्यावर दमले.

आम्हाला दिसलं हे नशीब. दोनशे पावलांवरचं माणूस दिसतं, पण आमचं काम झेंड्यांच्या मधे बघायचं असतं.

दंडावरचे फुगे खेळणं आहेत. मुलाने हात वर केले की निसटतात. हवंच असेल तर मापाचं लाइफ जॅकेट घ्या, खांद्याला धरून उचललं तर हनुवटीच्या वर सरकता कामा नये. आणि ते घातलं तरी तुम्ही हाताच्या अंतरावरच.

लांबून लक्ष ठेवणं का चालत नाही, तर बुडणारं मूल ओरडत नाही. सिनेमात हात हलवून 'वाचवा' म्हणतात ते खरं नव्हे. तोंड पाण्याच्या पातळीला, डोकं मागे, हात बाजूला पाणी दाबल्यासारखे, उभ्याउभ्या. शिडी चढतंय असं वाटतं. आवाज काढायला श्वासच नसतो. लहान मुलात हे अर्ध्या मिनिटात आटपतं, आणि बाजूला उभ्या माणसाला ते खेळतंय असं वाटतं. दोन मुलं असतील तर आळीपाळी करा. एक मोठा पाण्यात, एक वाळूत, आणि कोणाची पाळी ते तोंडाने बोलून बदला. "तू बघतोयस ना?" हे दोघांनीही गृहीत धरलं की कोणीच बघत नसतं.

चकली

अरे मी हा धागा आत्ता पूर्ण वाचला. मला वाटलं खाण्याबद्दल विचारलंय. आमच्याकडे पण बदक आहे.

पल्लवी_दादर

सगळं गोव्याचं झालं. आम्ही दर वर्षी कोकणातच जातो, दिवेआगर, गुहागर, आंजर्ले. तिथे बहुतेक ठिकाणी ना झेंडे ना टॉवर. गणपतीपुळ्याला ग्रामपंचायतीचे जीवरक्षक पाहिलेत, पण बाकीकडे? फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडला पुण्याच्या कॉलेजची चौदा मुलं-मुली गेली, तेव्हापासून माझे सासरे कोणालाच पाण्यात उतरू देत नाहीत. हेही टोक वाटतं.

खाडीकाठ

मला टोक वाटत नाही, पण मी पक्षपाती आहे. जिथे लक्ष ठेवणारं कोणी नाही तिथे मी माझ्या मुलीला पोटरीपर्यंत जाऊ देतो, तेही स्थानिक माणसाला विचारून. विचारताना "इथे पोहलं तर चालेल का?" असं विचारू नका, लोक भिडेखातर हो म्हणतात. "तुमची मुलं कुठे खेळतात?" असं विचारा. बऱ्याचदा उत्तर येतं, "पाण्यात नाय खेळत."

आणि कोणी बुडताना दिसलं तर साखळी करून किंवा उडी मारून आत जाऊ नका. एकामागून एक जाणं याच पद्धतीने होतं. रिकामा पाच लिटरचा कॅन झाकण लावून फेका, दोरी असेल तर दोरी, ११२ ला फोन, आणि बोट असलेल्या माणसाला हाक.

अजातशत्रू

मला अजूनही वाटतं की पोटरी हे अती आहे. कंबर ठीक आहे की.

खाडीकाठ

तुमच्या कमरेला पाणी ठीक आहे. मुलाच्या कमरेला पाणी आलं की लाट त्याच्या छातीला लागते आणि पाय सुटतात. पाय सुटले की ओढीला तो हवा तसा मिळतो. पण तुम्ही ठरवा.

नाना_वाडकर

आणखी एक. सूर्यास्ताला लोक पाण्यात जातात त्याचं काय? जीवरक्षक तेव्हा असतात?

खाडीकाठ

चांगलं विचारलंत. गोव्यात टॉवरवरची वेळ सकाळी साडेसात ते संध्याकाळी सहा. डिसेंबरअखेर सूर्य सहाच्या थोडं पुढे मावळतो. म्हणजे लोक सूर्यास्ताचा फोटो काढायला पाण्यात उतरतात तेव्हा झेंडे काढून झालेले असतात. त्यानंतर किनाऱ्यावर गस्त असते, पण पाण्यावर नजर ठेवणं ते नव्हे. झेंडे काढले की पाण्यातून बाहेर.

रेवती_पुणे

(जानेवारी) परत आलो. थोडक्यात लिहायचं ठरवलं होतं, पण जमेल असं वाटत नाही.

बाणावलीला पहिल्या सकाळी झेंडे हॉटेलच्या वाटेपासून उत्तरेला बरेच लांब होते. मुलांनी कुरकुर केली, मीही मनातल्या मनात केली. समोर पाणी छान दिसत होतं. दहा मिनिटं उभं राहून बघायचं ठरलं होतं म्हणून उभे राहिलो. सहाव्या-सातव्या मिनिटाला मुलगी म्हणाली, "आई, तिथे लाट येतच नाहीये." खरंच. दोन्हीकडे पांढरी रेघ आणि मधे एक तुकडा काळसर. वाळूत एक रिकामं शहाळं पडलं होतं, नवऱ्याने ते त्या तुकड्याच्या तोंडाशी टाकलं. मला वाटलं पुढच्या लाटेने परत येईल. आलं नाही. आधी बाजूला सरकलं, मग डुलत डुलत आत. मी मोबाइलवर वेळ बघत होते. पाऊण मिनिटात ते लाटा फुटतात त्या रेघेच्या पलीकडे होतं. मुलगा टाळ्या वाजवत होता, आम्ही दोघं एकमेकांकडे बघत होतो.

मग मुकाट्याने चालत झेंड्यांपर्यंत गेलो.

तिसऱ्या दिवशी झेंडे आमच्या वाटेच्या जवळच होते. जीवरक्षकाला विचारलं तर म्हणाला, "कालच्या जागेवर आज खड्डा झालाय." एवढंच बोलून तो परत पाण्याकडे बघायला लागला, माझ्याकडे नाही.

पाळी बदलताना तोंडाने बोलायचं, हे सगळ्यात अवघड गेलं. चार वेळा विसरलो. एकदा दोघंही वाळूत टॉवेल शोधत होतो आणि मुलगा घोटाभर पाण्यात एकटा. काही झालं नाही. पण मला ते शहाळं आठवलं.

नाना, आम्ही पोहोचलो त्या दिवशी एकादशी होती. पाऊणपट सव्वाआठ आली, कोष्टकात गोव्याची भरती त्याच्या थोडी आधी होती.

नाना_वाडकर

एकादशीला समुद्रस्नान म्हणजे पुण्य वेगळंच. शहाळ्याचा प्रयोग मी नातवंडांना दाखवणार.

खाडीकाठ

नाना, शहाळं काठावरूनच फेका, हं. नवऱ्याने ते टाकलं तेव्हा त्याचे पाय कुठे होते, रेवतीताई?

रेवती_पुणे

घोट्यापर्यंत. विचारलंत म्हणून आता आठवून बघतेय. कदाचित पोटरी.